जुनं मशीन ५ लाखांना विकलं, तर हातात खरंच किती उरतात?

समजा, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाला जुनी लेथ विकून २५ लाखांचं सीएनसी मशीन घ्यायचं आहे. जुन्या लेथचे ५ लाख मिळतील. हिशोबाच्या वहीत मात्र तिची किंमत ३ लाखच उरली आहे. मग वरच्या २ लाखांवर लगेच टॅक्स बसेल का?

बहुतेकांना तसंच वाटतं. पण भारतातल्या इन्कम टॅक्सचा नियम वेगळा आहे.

घसारा एकेका मशीनवर नाही

टॅक्ससाठी एकाच दराची सगळी मशीन एका गटात धरली जातात. याला 'ब्लॉक ऑफ ॲसेट्स' म्हणतात. साधारण मशिनरीचा घसारा दरवर्षी उरलेल्या रकमेच्या १५ टक्के असतो. मशीन विकलं की आलेली रक्कम ब्लॉकमधून वजा होते. त्यामुळे त्या ३ लाखांना इथे अर्थच नाही.

मग टॅक्स लागतो कसा? ब्लॉक ५ लाखांनी घटल्यामुळे पहिल्या वर्षी घसारा ७५ हजारांनी कमी मिळतो. मालक ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल, तर २२,५०० रुपये जास्त टॅक्स भरावा लागतो. पुढच्या वर्षी १९,१२५, मग आणखी कमी. १२ टक्के व्याजदराने या सगळ्या रकमांची आजची किंमत सुमारे ८३ हजार होते. म्हणजे ५ लाखांतले खरे हातात उरतात ४.१७ लाख.

मग मशीन बदलायचं का?

नव्या मशीनच्या घसाऱ्यामुळे वाचणाऱ्या टॅक्सची आजची किंमत याच पद्धतीने ४.१७ लाख येते. २५ लाखांतून ती आणि जुन्या लेथचे ४.१७ लाख वजा केले, की खरा खर्च १६.६७ लाख.

नवं मशीन १० वर्षं दरवर्षी ४ लाख वाचवेल आणि शेवटी दोन्ही मशीनना भंगाराचा भावही येणार नाही, असं धरू. टॅक्स न धरता या बचतीची आजची किंमत २२.६ लाख, तर खर्च २० लाख. सौदा फायद्याचा वाटतो. पण बचतीवरही टॅक्स लागतो. दरवर्षी उरतात २.८ लाख आणि त्यांची आजची किंमत फक्त १५.८ लाख. म्हणजे सौदा सुमारे ८५ हजारांनी तोट्यात.

दोन गोष्टी तपासा

नवं मशीन आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर त्या वर्षी त्यावर निम्म्याच दराने घसारा मिळतो. आणि विक्रीची रक्कम नव्या खरेदीसह संपूर्ण ब्लॉकपेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा ठरते. अशा वेळी टॅक्स त्याच वर्षी भरावा लागतो.