घड्याळाची चूक की हाताची?

पोलीस भरतीच्या मैदानावर १६०० मीटरची धाव संपते आणि दोन पंचांच्या हातांतली दोन स्टॉपवॉच वेगवेगळी वेळ दाखवतात. फरक पाव सेकंदाचा असला, तरी तेवढ्यावरून उमेदवाराचा एखादा गुण जाऊ शकतो. अशा वेळी पहिला संशय येतो तो घड्याळावर. तो कितपत खरा आहे, हे तपासता येते. त्यासाठी खर्च लागत नाही. लागतात ते दिवस.

आधी दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करायला हव्यात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. जळगाव ७५.६ अंशांच्या आसपास, म्हणून तिथली सरासरी सूर्यवेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २८ मिनिटे मागे असते. धुळ्याची सुमारे ३१ मिनिटे. हे अंतर शंभर वर्षांनीही तेवढेच राहील. घड्याळ पाच मिनिटे पुढे लावून ठेवले, तर तीही अशीच चूक: ठरलेली, न वाढणारी. दुसरी चूक रोज थोडी थोडी साचत जाते. घड्याळाचा सेकंदच खऱ्या सेकंदाहून किंचित लहान किंवा मोठा असतो. हा गतिदोष. स्टॉपवॉचमध्ये शोधायचा तो हाच, आणि तो इतका सूक्ष्म असतो की साचू दिल्याशिवाय दिसत नाही.

किती साचू द्यायचा, हे हातावरून ठरते. वेळेच्या ठोक्याला बटण दाबताना माणूस साधारण एकदशांश सेकंद इकडेतिकडे होतोच. सुरुवातीची आणि शेवटची चूक मिळून अदमासे ०.१४ सेकंद धरू. चांगल्या क्वार्ट्झ घड्याळाचा गतिदोष दहा लाखांत पाच भाग असू शकतो. तासाभरात तो ०.०१८ सेकंद होतो, म्हणजे हाताच्या चुकीच्या आठव्या हिश्श्याइतका. एका तासाच्या चाचणीत आपण घड्याळ नव्हे, आपला अंगठा मोजत असतो. दिवसभर चालवले तर दोष ०.४३ सेकंद होतो आणि हाताची चूक मात्र ०.१४ वरच राहते. दहा दिवसांत दोष ४.३ सेकंद, आता हाताची चूक त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकी उरते. लांब पल्ल्याचे सारे रहस्य एवढेच आहे.

ताडून पाहायला संदर्भ हवा. भारताची वेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. पूर्वी ती ‘एटीए’ या संकेतनावाने लघुलहरींवरून सेकंदाचे ठोके प्रसारित करी. आता तिची वेळ इंटरनेटवरून मिळते. दिल्लीहून जळगावला, साडेआठशे किलोमीटरवर, रेडिओलहर पोचायला तीन हजारांश सेकंद लागत. पण दोन्ही टोकांना उशीर सारखाच असेल तर वजाबाकीत तो निघून जातो. घातक असतो तो बदलता उशीर. मोबाइलवर इंटरनेटमार्गे ऐकलेला रेडिओ आज चार सेकंद मागे, तर उद्या नऊ सेकंद मागे असू शकतो. त्यावरचा ठोका या कामाला निरुपयोगी.

कृती साधी आहे. मिनिटाच्या ठोक्याला स्टॉपवॉच सुरू करायचे आणि दहा दिवस थांबवायचे नाही. पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येक पूर्ण मिनिटाला ‘स्प्लिट’ बटण दाबायचे. त्याने आकडे गोठतात, आत मोजणी चालूच राहते. संदर्भाप्रमाणे झालेला वेळ घड्याळाच्या आकड्यातून वजा करून दहा फरक लिहायचे आणि सरासरी काढायची. फरक एकमेकांपासून किती पांगले आहेत, यावरून आपला हात किती स्थिर आहे तेही कळते. दहा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच साधनावर, त्याच वेळी हेच पुन्हा करायचे.

समजा, पहिल्या दिवसाची सरासरी अधिक ०.१२ सेकंद आली आणि दहाव्या दिवसानंतरची अधिक ४.४४. मधला फरक ४.३२ सेकंद. दहा दिवसांचे सेकंद ८,६४,०००. भागाकार केला की दहा लाखांत पाच भाग. घड्याळ रोज ०.४३ सेकंद पुढे जाते. पाचव्या दिवशी मध्येच एक तपासणी केली तर फरक २.२८ च्या आसपास यायला हवा. तो ३.५ आला तर गती स्थिर नाही किंवा संदर्भाचा उशीर बदलला आहे. नेमका पूर्ण सेकंदाचा किंवा मिनिटाचा घोटाळा दिसला तर बहुधा लिहिणाऱ्याने ठोका चुकवलेला असतो. आणखी एक फसगत: पुष्कळ स्टॉपवॉच दहा तासांनी पुन्हा शून्यावर येतात. दहा दिवसांत अशा २४ फेऱ्या होतात. त्या हिशेबात धरायच्या.

आता खानदेशचा प्रश्न. ही चाचणी पौषात केली आणि निकाल वैशाखात वापरला तर? घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि तो साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. त्याहून ऊन वाढले तरी तो मंदावतो, थंडी वाढली तरी मंदावतो. ही घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते: २५ पासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करून सुमारे ०.०३४ ने गुणले की दहा लाखांतले भाग मिळतात. खोलीत २० अंश असताना घट एका भागाहूनही कमी. मे महिन्यात तीच खोली दिवसरात्र ३२ ते ४३ अंशांत झुलत असेल, तर सरासरी घट सहा भागांच्या जवळ जाते.

म्हणजे जानेवारीत रोज ०.४३ सेकंद पुढे जाणारे आपले घड्याळ मे महिन्यात जवळजवळ तंतोतंत चालताना दिसेल. ते सुधारलेले नसते. मुळातली घाई आणि उन्हाचा आळस एकमेकांना खोडतात, इतकेच. तेच घड्याळ दहा दिवस सलग ४५ अंशांत ठेवले तर रोज दोनतृतीयांश सेकंद मागे पडेल. म्हणून निकालाशेजारी तापमान लिहिले नसेल तर तो अर्धाच आहे. पूर्ण दिवसांची चाचणी घ्यायची तीही याचसाठी, की रोजची दुपार आणि पहाट दोन्ही सारख्या वाट्याने मोजल्या जाव्यात.

हा दोष कुठे महत्त्वाचा ठरतो? रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पंपाचा टायमर पत्र्याच्या पेटीत उन्हात असतो. रोज सहा तास आतले तापमान ६० अंश राहिले, तर त्या तासांपुरतीच घट रोज ०.९ सेकंद होते; तीन महिन्यांत सव्वा मिनिटाहून अधिक. वीज ठरावीक वेळेलाच येत असेल तर हंगामात एकदा टायमर जुळवून घ्यावा लागतो, आणि कधी ते मोजून ठरवता येते.

धावण्याच्या मैदानावर मात्र हिशेब उलटा आहे. पाच मिनिटांच्या धावेत दहा लाखांतले पाच भाग म्हणजे दीड हजारांश सेकंद. भर उन्हात घड्याळ आणखी मंदावले तरी चूक पाच हजारांश सेकंदाच्या आतच राहते. त्यामुळे दोन पंचांतल्या पाव सेकंदाचा दोष घड्याळाच्या गतीवर ढकलता येत नाही. तो दाबणाऱ्या बोटांचा आहे. घड्याळाला दिलेला तपासणीचा दाखला त्या बोटांविषयी काहीच सांगत नाही. त्यावर उपाय अधिक पंच नेमून मधली वेळ धरण्याचा, किंवा शेवटच्या रेषेवर यंत्र बसवण्याचा.