टॉर्नेडो, दमा आणि आठवणींचा हिशेब

एखादी गोष्ट किती वेळा घडते, असा प्रश्न पडला की माणसाचे मन सहसा मोजत बसत नाही. तशी उदाहरणे चटकन आठवतात का, एवढेच ते पाहते. पटापट आठवली तर ती गोष्ट वरचेवर घडत असणार, डोके खाजवावे लागले तर क्वचितच, असा निवाडा होऊन जातो आणि तो केल्याची जाणीवही राहत नाही. ॲमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या सवयीचे सविस्तर वर्णन केले. उदाहरण मनात किती सहज उपलब्ध होते यावर ती चालते, म्हणून तिला उपलब्धतेचा ठोकताळा म्हणता येईल.

त्यांचा एक प्रयोग अगदी साधा होता. लोकांना ३९ नावांची यादी ऐकवली. एका यादीत १९ नावे प्रसिद्ध स्त्रियांची, तर २० नावे तितक्याशा प्रसिद्ध नसलेल्या पुरुषांची होती. दुसऱ्या यादीत प्रसिद्ध नावे पुरुषांची होती. यादीत स्त्रिया जास्त होत्या की पुरुष, असे नंतर विचारले. ९९ पैकी ८० जणांनी चुकीचे उत्तर दिले: ज्यांची नावे प्रसिद्ध, तेच त्यांना संख्येने जास्त वाटले. यादी नुकतीच कानावरून गेली होती आणि त्यात कोणाचा स्वार्थ गुंतलेला नव्हता. तरीही लक्षात राहिलेली नावे संख्येच्या जागी जाऊन बसली.

इथे निर्णायक ठरते ते आठवणींचे प्रमाण की आठवण्यातली सहजता, हा प्रश्न बरीच वर्षे तसाच होता. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्यावर एक मार्मिक प्रयोग केला. आपण ठामपणे वागलो असे प्रसंग आठवा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. काहींना सहा, काहींना बारा. सहा प्रसंग सहज सुचतात, बारा गोळा करताना दमछाक होते. पुढे स्वतःच्या ठामपणाचा अंदाज द्यायला सांगितल्यावर बारा प्रसंग आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवले. पुरावा त्यांच्याकडेच जास्त होता, पण तो जमवताना झालेला त्रास पुराव्यापेक्षा वजनदार ठरला.

धोक्यांच्या बाबतीत हा ठोकताळा कसा फसतो, हे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील सारा लिख्टेनस्टाइन, पॉल स्लोव्हिक, बारुख फिशहॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. त्यांनी मृत्यूची ४१ कारणे घेतली. देशात दरवर्षी मोटार अपघातात सुमारे ५० हजार माणसे दगावतात, एवढा एक आकडा काही जणांना आधाराला दिला आणि बाकीच्या कारणांचे अंदाज मागितले. दोन कारणांची जोडी देऊन कोणते जास्त जीवघेणे, असेही विचारले. त्या काळी अमेरिकेत पक्षाघाताने होणारे मृत्यू सगळ्या प्रकारच्या अपघातांतील एकूण मृत्यूंच्या जवळजवळ दुप्पट होते, तरी सुमारे ८० टक्के लोकांना अपघाती मृत्यूच जास्त संभवनीय वाटला. टॉर्नेडो दम्यापेक्षा जास्त जीव घेतो, असा लोकांचा समज दिसला. प्रत्यक्षात दम्याचे बळी सुमारे वीस पट होते. खून, पूर आणि आग यांचे अंदाज फुगलेले निघाले, तर मधुमेह आणि पोटाचा कर्करोग यांचे आकसलेले.

यातले कारण उघड आहे. टॉर्नेडो छपरे उडवतो, त्याची छायाचित्रे निघतात, वाचलेली माणसे बोलतात. दम्याचा रुग्ण घरात किंवा रुग्णालयात जातो आणि त्याची नोंद मृत्यूच्या दाखल्यावर होते. बार्बरा कोम्ब्स आणि स्लोव्हिक यांनी १९७९ मध्ये ओरेगनमधील युजीन आणि मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या एकमेकांपासून दूरच्या दोन शहरांतली वृत्तपत्रे तपासली. रोगांनी जाणारे जीव अपघातांच्या सुमारे सोळा पट होते, पण अपघातांवरच्या बातम्या रोगांवरच्या बातम्यांच्या तिपटीहून जास्त होत्या. खुनाच्या बातम्या तर संख्येनेही जास्त आणि लांबीनेही दुप्पट. वाचकांचे चुकीचे अंदाज आणि वृत्तपत्रांतली जागा एकाच दिशेने झुकलेली होती.

याचा दोष पत्रकारांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे, पण बातमी म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे काही. रोजच घडणारे रोज छापले तर कोणी वाचणार नाही. म्हणजे बातमी खरी असूनही, केवळ तिच्या निवडीमुळे, वाचकाच्या मनात साठणारा नमुना एकांगी होतो. प्रत्येक ओळ बिनचूक आणि सगळ्यांची बेरीज मात्र दिशाभूल करणारी, अशी ही विचित्र अवस्था आहे.

तरीही सगळे खापर बातम्यांवर फुटत नाही. ओरेगनच्या अभ्यासातच लोकांचा कारणांचा ढोबळ क्रम बऱ्यापैकी बरोबर होता. शिवाय अनिश्चित माणूस कोणताही अंदाज मध्याकडे ओढतो, म्हणून दुर्मीळ गोष्टी थोड्या फुगतात आणि नेहमीच्या थोड्या आकसतात. ते स्मरणाशिवायही घडते. राल्फ हर्टविग आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील जर्मनीतल्या अभ्यासात, लोकांचे अंदाज वृत्तपत्रांपेक्षा त्यांच्या ओळखीपाळखीत कोण कशाने गेले याच्याशी जास्त जुळले. मावशीचा मधुमेह हेही सहज आठवणारे उदाहरणच असते.

चुकलेल्या अंदाजाची किंमत मोजण्याचा प्रयत्न ११ सप्टेंबर २००१ नंतर झाला. त्या दिवशी चार विमानांत, अपहरणकर्ते वगळता, २४६ माणसे मेली. कोसळणारे मनोरे दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दिसले आणि पुढचे काही महिने अनेक अमेरिकनांनी विमान टाळून लांबचा प्रवास मोटारीने केला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी रस्त्यांवरच्या वाहतुकीचे आणि मृत्यूंचे आकडे आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. बारा महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे दीड हजार जास्त माणसे रस्त्यावर मेली, असा त्यांचा अंदाज आहे. ही माणसे वेगवेगळ्या गावांत, एकेकटी, दोघे-तिघे अशी गेली, म्हणून त्यांची एकत्र बातमी कधी झाली नाही. गिगरेन्झर यांच्या मते इथे स्मरणाइतकीच दुसरी एक भीती होती: एका फटक्यात पुष्कळ माणसे मरण्याची. या दोन्ही भीती एकमेकींत इतक्या मिसळतात की कोणाचा वाटा किती, हे सांगणे अवघड.

धोक्याचा अंदाज आठवणीतून आला आहे की मोजणीतून, हे ओळखायला एक खूण उपयोगी पडते. आठवणीतल्या अंदाजाला छेद असतो पण भाजक नसतो असे म्हणता येत नाही. खरे तर उलटे, त्याला फक्त अंश असतो. काय झाले ते माहीत असते, कितींपैकी झाले ते नसते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. एखादे मोठे प्रवासी विमान पूर्ण भरून कोसळले तर तो आकडा साधारण याच्या आसपास किंवा कमी असतो आणि त्याची बातमी आठवडाभर चालते. रस्त्यावरचे ४६२ दुसऱ्या दिवशी जिल्हा पानांवर विखुरलेले असतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागी नवे ४६२ आलेले असतात.