आधी ‘सुखमाणो’, मग इंग्रजी आकडे

मागच्या आठवड्यात आपल्या गटातल्या दोघी मुली मला भेटायला आल्या होत्या. त्यांना कल्याणच्या एका हॉस्पिटलात मदतनीस म्हणून काम मिळालंय. एकीने विचारलं, “ताई, तिथल्या सिस्टर केरळच्या आहेत म्हणे. आम्हाला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. बोलायचं कसं?” तिला जे सांगितलं तेच आज सगळ्यांना सांगते. आसनगावहून लोकलने कल्याणला जाऊन मी चौदा वर्षं वॉर्डात काम केलं, त्यातलं हे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ‘मद्रासी’ हा शब्द घरीच ठेवून जा. दक्षिणेकडून आलेल्या सगळ्यांची भाषा एक नाही. केरळची मल्याळम, तामिळनाडूची तमिळ, भिवंडीत मागावर काम करणाऱ्या कितीतरी कुटुंबांची तेलुगू, मंगळुरूकडच्यांची तुळू किंवा कन्नड. आधी विचारायचं, “सिस्टर, तुमची भाषा कोणती?” एवढं विचारलेलंसुद्धा समोरच्या बाईला बरं वाटतं, कारण इतकी वर्षं तिला कोणी विचारलेलंच नसतं.

मल्याळम असेल तर फार सोपं आहे. आपल्या ‘नमस्कार’ला शेवटी एक ‘म्’ लावा, झालं ‘नमस्कारम्’. पण रोजच्या ड्युटीला नमस्कारम् जरा भाषण दिल्यासारखं वाटतं. रोजचं विचारणं म्हणजे ‘सुखमाणो?’ त्यात आपलंच ‘सुख’ आहे, म्हणजे ‘बरं आहे ना?’ आणि दुपारी डबा झाल्यावर ‘कळिच्चो?’ म्हणजे ‘जेवलात का?’ यातला ‘ळ’ आपल्या ‘ळ’पेक्षा वेगळा आहे, जीभ आणखी मागे वळते. तो मला चौदा वर्षांत नीट जमला नाही, तरी समजून घेतात. वयाने मोठी असेल तर ‘चेची’, म्हणजे ताई. तमिळ बाईला मात्र ‘वणक्कम्’ म्हणायचं आणि मोठी असेल तर ‘अक्का’. अक्का तर आपल्याच घरातली.

पण वॉर्डात रुग्णांसमोर आणि डॉक्टरांसमोर ‘सिस्टर’च म्हणायचं. चेची जेवणाच्या खोलीत. एकदा एक नवी मुलगी राउंड चालू असताना मोठ्याने ‘चेची, चेची’ करत धावत आली, तेव्हा सिस्टरच अवघडल्या. आपल्यालाही सासरच्या लोकांसमोर कोणी माहेरच्या लाडक्या नावाने हाक मारली तर तसंच होतं.

शब्द एका भाषेतून उचलून दुसरीत टाकू नका, याचाही अनुभव सांगते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक केरळी आजी खाटेवरून सारखं म्हणत होत्या, ‘वेळ्ळम्, वेळ्ळम्’. मला वाटलं वेळ विचारतायत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, “साडेअकरा.” आजी परत ‘वेळ्ळम्’. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मल्याळममध्ये वेळ्ळम् म्हणजे पाणी. मग मी हुशारी करून एका तमिळ बाईला ‘वेळ्ळम्?’ विचारायला गेले, तर ती हसायलाच लागली. तमिळमध्ये पाणी म्हणजे ‘तण्णी’. ‘वेल्लम्’ म्हटलं तर गूळ, आणि ‘वेळ्ळम्’ म्हटलं तर पूर!

आता खरा प्रश्न. ‘सुखमाणो’ झालं, पुढे काय? पुढे समोरची बाई कोणत्या भाषेत उत्तर देते तिकडे कान ठेवायचा. ती हसून ‘बरी आहे’ म्हणाली, तर तिला मराठी येतंय आणि बोलायचंय, मग मराठीतच बोला, पण सावकाश. हिंदीत बोलली तर हिंदीत. कधीकधी आपला उच्चार इतका बरा जमतो की तिला वाटतं आपल्याला सगळं येतं, आणि ती भराभरा मल्याळम सुरू करते. तेव्हा मान डोलवत राहायचं नाही. लगेच थांबवून सांगायचं, “सिस्टर, एवढंच येतं.” मान डोलवली की तिला वाटतं निरोप पोचला, आणि आपल्याला तर काहीच कळलेलं नसतं.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे समोरची कोणत्याही भाषेत बोलो, आपण इंग्रजीत जायचं. ती जागा म्हणजे आकडे. आणि औषधाचं नाव, खाटेचा नंबर, वेळ.

आकड्यांचं का सांगते ते ऐका. एक आजोबा होते, किडनीचा त्रास. अशा रुग्णाच्या पोटात किती पाणी गेलं आणि लघवी किती झाली हे मोजून चार्टवर लिहावं लागतं, त्यावर डॉक्टर सलाईन आणि औषध ठरवतात. मी पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी केली, आकडा पाहिला आणि सिस्टरना सांगितलं, “पावणेदोनशे.” त्यांनी ‘दोनशे’ लिहिलं. मी लांब उभी होते, मला दिसलं नाही. चूक माझीच होती. त्यांना मराठी कामापुरती येत होती, पण ‘पावणे’ कोणी शिकवलं नव्हतं. दोन या शब्दाआधी काहीतरी बोलले एवढंच त्यांनी ऐकलं. पुढच्या दोन वेळांनाही असंच झालं. एकदा मी ‘अडीचशे’ म्हणाले, ते त्यांना कळलंच नाही, मग अंदाजाने लिहिलं गेलं. रात्री ड्युटी बदलताना बेरीज जमेना. भांड्यांवरचे आकडे मला पाठ होते म्हणून निभावलं, डॉक्टरांपर्यंत चुकीचा हिशोब गेला नाही.

त्या रात्री चेची आणि मी दोघी बसलो. त्यांनी विचारलं, ही पावणे, सव्वा, दीड, अडीच, साडे काय भानगड आहे? मी कागदावर मांडून दाखवलं. पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पंचवीस कमी, सव्वादोनशे म्हणजे दोनशेवर पंचवीस. त्यांना गंमत वाटली, पण म्हणाल्या, “मावशी, ड्युटीवर नको. वन सेव्हन फाइव्ह बोला.” तेव्हापासून आमचं ठरलं. आकडा इंग्रजीत, तोही सुटा सुटा. १७५ म्हणजे ‘वन, सेव्हन, फाइव्ह’.

सुटा का? कारण इंग्रजीतही फसगत आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. पंधराला ‘वन, फाइव्ह’ आणि पन्नासला ‘फाइव्ह, झीरो’ म्हटलं की घोळ उरत नाही. ऐकणारीने तोच आकडा परत म्हणायचा, आणि सांगणारीने ‘यस’ म्हणेपर्यंत लिहायचं नाही. यासाठी शून्य ते नऊ हे दहाच शब्द लागतात. ज्या मुलीला वाटतं इंग्रजी येत नाही, तिलाही ते मोबाईल नंबर सांगता सांगता पाठ झालेले असतात.

लिहितानाही तेच. आपला मराठी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. १० मिली कुणी नव्वद वाचलं तर विचार करा. म्हणून चार्टवर आकडे इंग्रजीच.

हे फक्त हॉस्पिटलात आहे असं नाही. विमान चालवणारे लोक दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरले की तिथल्या टॉवरला पुष्कळदा त्यांच्या भाषेत रामराम घालतात. पण उंची, दिशा, वेग हे सगळं इंग्रजीत, आकडे सुटे सुटे, आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात धडकली, ३४९ माणसं गेली. कझाकस्तानच्या विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याहून खाली आलं. त्या वैमानिकांना इंग्रजी सूचना नीट समजत नव्हत्या, हे चौकशीत पुढे आलं. अशा अपघातांनंतर २००८ पासून परदेशी उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजी बोलण्याची परीक्षा लागू झाली.

इंग्रजीत जायचं नाही अशीही एक वेळ आहे. रुग्ण किंवा त्याची बायको जवळ उभी असेल आणि तिला मराठीच कळत असेल, तर आकडा सिस्टरला इंग्रजीत सांगून झाल्यावर लगेच तिच्याकडे वळून मराठीत सांगा. तिच्या डोक्यावरून परक्या भाषेत बोललं की ती घाबरते, वाटतं काहीतरी लपवतायत. मुरबाडहून आलेल्या एका बाईने मला तसं तोंडावर म्हटलंय. ‘सुखमाणो’ही त्या वेळी नको.

आणि एक. समोरच्याच्या भाषेची नक्कल करून हसायचं नाही. ‘अय्यो’ म्हणणं, डोकं हलवून दाखवणं, हे आपल्यात गंमत म्हणून चालतं. पण माझ्या चेची एकदा म्हणाल्या होत्या, “जो रोज मला अय्यो म्हणतो, त्याने माझं नाव कधी विचारलं नाही.”

आता आपल्या बचत गटाचं. तुमच्या बँकेत ओडिशाचे साहेब आलेत असं कळलं. त्यांच्याकडेही ‘नमस्कार’च म्हणतात, पुढे ‘भल अछन्ति?’ म्हटलं की ‘बरे आहात ना?’ झालं. मग पासबुक पुढे करा आणि खात्याचा नंबर एक एक आकडा इंग्रजीत. व्याज ‘दीड टक्का’ न म्हणता ‘वन पॉइंट फाइव्ह’ म्हणा, आणि त्यांनी लिहिलेला कागद हातात घेऊन तोच आकडा परत वाचा. कागदावर काही वेगळं दिसलं तर सही करायच्या आधी तिथेच थांबवा.

त्या दोघी मुली सोमवारपासून जाणार आहेत. त्यांना मी ‘पावणेदोनशे’ इंग्रजीत सांगायला लावलं. एक म्हणाली, “टू हंड्रेड मायनस?” दुसरीने जरा बोटं मोजली आणि म्हणाली, “वन, सेव्हन, फाइव्ह.”