पंपावरचा आकडा आणि परतीचं तेल

मे महिन्यात नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, आणि जानेवारीतल्या पहाटे तोच १०च्या आसपास उतरतो. तिथे बुश दाबून बसवणारा एक प्रेस चालवायचा आहे असं धरू. पंप मिनिटाला ४० लिटर, दाब १६० बार, सिलिंडरचा बोअर १६० मिलिमीटर, रॉड ११० आणि स्ट्रोक ५००.

टाकीचा हिशेब सोपा आहे. पंप मिनिटाला जेवढं तेल देतो त्याच्या तीन ते पाच पट तेल टाकीत असावं, हा जुना नियम. चौपट धरली तर १६० लिटर, म्हणजे परतलेल्या तेलाला सरासरी चार मिनिटांची उसंत. तेवढ्यात हवेचे बुडबुडे वर येतात, गाळ तळाशी बसतो. रॉड बाहेर येताना पातळी पावणेपाच लिटरने उतरते, तरी सक्शन पाइपाचं तोंड तेलात बुडालेलंच राहायला हवं.

खरी चूक होते ती रिटर्न फिल्टरमध्ये. पंप ४० लिटरचा म्हणून फिल्टरही ४० लिटरचा आणला जातो. पण रॉड आत येताना पंपाचं तेल रॉडच्या बाजूच्या अरुंद जागेत भरतं, आणि पलीकडची जागा जवळपास दुप्पट असल्याने तिथून मिनिटाला ७६ लिटर बाहेर पडतं. त्यात जानेवारीचं गार, घट्ट तेल! फिल्टरवरचा दाब वाढतो, बायपास उघडतो आणि तेल न गाळताच टाकीत जातं. खूण अशी: सकाळी इंडिकेटर लाल, तेल तापलं की पुन्हा हिरवा. एलिमेंट चोंदलेला नसतो, फिल्टरच लहान पडलेला असतो.

आता कूलर. मिनिटभराच्या प्रत्येक फेरीत १५ सेकंद दाब धरून ठेवायचा आहे. त्या वेळी पंपाचं सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून निसटत असेल, तर १०.७ किलोवॅट शक्ती नुसती उष्णता होते, सरासरी २.७. पंप आणि व्हॉल्व्हमधली गळती-घर्षण धरून आणखी एक. टाकीच्या पत्र्यातून जेमतेम ०.३ किलोवॅट बाहेर जाते. उरलेली ३.४ कूलरने काढायची. तेल ६० अंशांवर रोखायचं तर बाहेरच्या हवेशी फरक फक्त १५ अंशांचा, म्हणून हवेवर चालणारा कूलर दर अंशाला सुमारे ०.२३ किलोवॅट काढणारा लागतो. कॅटलॉगमधला आकडा बहुधा मोठ्या फरकावर दिलेला असतो. तो तसाच उचलला तर मे महिन्यात कूलर तोकडा पडतो.

मात्र एवढा कूलर विकत घेण्याआधी सर्किट पाहावं. पायलट चेक व्हॉल्व्हने सिलिंडरचा दाब अडवून त्या १५ सेकंदांत पंप बिनभाराचा फिरवला, तर कूलरच्या वाट्याला ०.७ किलोवॅटच्या आसपास उष्णता उरते.