मधला खांब: दाबणारा की लोंबणारा?

कौलारू छपराचे वजन भिंतीपर्यंत दोन वाटांनी पोचते. वाशांची वरची टोके आढ्यावर टेकलेली असतील आणि आढे खालच्या खांबांनी भक्कम उचलून धरले असेल, तर भार सरळ खाली उतरतो. बाजूच्या भिंतींना नुसते वजन पेलावे लागते. आढ्याखालचा आधार काढला, की समोरासमोरचे वासे एकमेकांवर रेलतात आणि त्यांचे पाय भिंतींना बाहेर ढकलू लागतात. गावचा सुतार आणि तरुण इंजिनिअर यांच्यात छपरावरून होणारा वाद बहुधा याच ढकलण्याचे काय करायचे, यावर येऊन ठेपतो.

हा वाद समजून घ्यायला एक गोष्ट कल्पून घेऊ. रत्नागिरीकडच्या एका गावात जांभ्याच्या भिंतींचे घर आहे. आतली मोठी खोली ६ मीटर रुंद आणि ९ मीटर लांब, छपराचा उतार ३० अंशांचा. मधोमध उभे असलेले दोन खांब आढे धरून आहेत आणि मालकाला ते नको आहेत, कारण खोली मोकळी हवी. सुतार म्हणतो, एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर दोन जाड तुळया टाकू, प्रत्येकीच्या मध्यावर बुटका खांब उभा करू आणि त्यावर आढे ठेवू. आढ्याची दोन टोके त्रिकोणी भिंतींवर बसतीलच. इंजिनिअर म्हणतो, तुळयांऐवजी दोन कैच्या करू. तो कागदावर त्रिकोण काढून दाखवतो: खाली आडवे लाकूड, दोन तिरके जाड वासे, मध्ये उभा खांब. सुतार तो कागद न्याहाळतो आणि विचारतो, "साहेब, तुळई आहे, खांब आहे, वासे आहेत. मग माझ्यात नि तुमच्यात फरक काय?"

प्रश्न रास्त आहे, कारण लांबून दोन्ही सांगाडे जवळजवळ सारखेच दिसतात. फरक भार कसा वाहतो त्यात आहे. मंगळुरी कौले, रिपा आणि वासे मिळून उताराच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण ६५ किलो वजन धरतात. (ही कौले १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला काढलेल्या कारखान्यापासून पसरली.) उतार लक्षात घेतला, तर जमिनीच्या मापाने हे वजन चौरस मीटरला ७५ किलो होते. दोन सांगाड्यांमध्ये ३ मीटर अंतर असल्याने एका सांगाड्याच्या वाट्याला सुमारे १३५० किलो येतात. यातले निम्मे, म्हणजे ६७५ किलो, आढ्यावर पडतात. उरलेले निम्मे वाशांच्या पायांतून थेट भिंतींवर जाते.

सुताराच्या रचनेत हे ६७५ किलो आढ्यातून बुटक्या खांबात आणि खांबातून तुळईच्या नेमक्या मध्यावर येतात. तिथे आधार नाही, म्हणून तुळई वाकते. ६ मीटर लांबीची सागाची ६ इंच रुंद, ८ इंच उंच तुळई हा भार मोडल्याशिवाय पेलते, पण पहिल्याच दिवशी ती मध्यावर ३ सेंटिमीटरच्या आसपास झुकते. सततच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे आणखी झुकत जाते, त्यामुळे तुळईची उंची १० इंच तरी लागते. एवढा लांब, सरळ, बिनगाठीचा साग आज मिळणे अवघड आणि मिळाला तरी महाग.

कैचीत तेच ६७५ किलो शेंड्यावर येतात, पण ते खांबात न उतरता दोन तिरक्या वाशांत शिरतात. वासे दाबले जातात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. खालचे आडवे लाकूड दोन्ही पाय एकमेकांकडे ओढून धरते. या लाकडावर सुमारे ५८५ किलोंची ओढ येते. लाकूड वाकवण्यापेक्षा ताणणे त्याला फार सोपे जाते, म्हणून ४ बाय ५ इंचांचा तुकडाही पुरून उरतो. मग मधला खांब कशाला? तर तो शेंड्याला टांगलेला असतो आणि खालचे लांब लाकूड स्वतःच्या वजनाने झोळ घेऊ नये म्हणून त्याला वर धरून ठेवतो. दोन्हींतला खांब मध्येच करवतीने कापला असे समजा. सुताराच्या रचनेत आढे खाली येईल. कैचीत आढे जागच्या जागी राहील आणि खालचे लाकूड तेवढे झुकेल. सहाव्या शतकात, जस्टिनियन सम्राटाच्या काळात, सिनाई पर्वताच्या पायथ्याशी बांधलेल्या सेंट कॅथरीन मठाच्या चर्चवर अशा टांगत्या खांबाच्या कैच्या आजही आहेत.

खरी गफलत सांध्यात होते. सुताराचा हात सवयीने खांबाच्या तळाला कुसू काढतो आणि तो खालच्या लाकडाच्या खाचेत घट्ट ठोकून बसवतो. तुळईवरच्या खांबाला हे बरोबर आहे, कैचीत मात्र घातक. लाकूड सुकून आक्रसले आणि शेंडा जरासा खाली आला, की घट्ट बसलेला खांब खालच्या बारीक लाकडावर दाब देतो. ओढ सोसण्यासाठी निवडलेल्या त्या ४ बाय ५ इंचांच्या तुकड्यावर तुळईचे काम येऊन पडते आणि त्याला ते झेपत नाही. म्हणून खांबाचा तळ आणि आडवे लाकूड यांच्यात बोटभर फट ठेवतात आणि लोखंडी पट्टी खालून वळवून खांबाला बोल्टाने जखडतात. हा मुद्दा इंजिनिअरचा आणि तो पूर्णपणे खरा आहे.

सुताराचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. तिरका वासा आडव्या लाकडाच्या खाचेत जिथे बसतो, तिथे सगळी ओढ एका जागी एकवटते. खाचेच्या पुढे लाकूड कमी उरले, तर तेवढा तुकडा धाग्यांच्या रेषेत फळीसारखा सुटून निघतो आणि त्या क्षणी वाशाचा पाय भिंतीवर येतो. इंजिनिअरच्या चित्रात खाचेपुढे जेमतेम २ इंच लाकूड होते. ओले लाकूड टोकाकडून तडकते, हे सुताराने आयुष्यभर पाहिले आहे, म्हणून तो तिथे वीतभर लाकूड मागतो. शिवाय कोकणातल्या पावसात भिंतीत गाडलेले टोक आधी कुजते, वाळवी तिथूनच शिरते आणि साधा बोल्ट गंजतो. तुळई झुकून वर्षानुवर्षे आधी इशारा देते. कैचीचा पायाचा सांधा मात्र गुपचूप सडत राहतो आणि एकदम जातो.

म्हणून या घरापुरता निकाल असा: कैची इंजिनिअरची, पायाचा सांधा सुताराचा. लाकूड चांगले सुकवलेले, टोक भिंतीत न गाडता भिंतीवरच्या लाकडी पाटीवर उघडे टेकवलेले, खाचेपुढे वीतभर लाकूड, बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले. ६ मीटरऐवजी ३ मीटर रुंदीची पडवी असती, तर कैचीचा खटाटोप करण्याचे कारणच नव्हते; तिथे सुताराची साधी तुळई स्वस्त आणि निर्धोक.

जुन्या कौलारू घरात मोकळी खोली करण्यासाठी मधला खांब किंवा आडवे लाकूड काढण्याआधी ते दाबले जाते आहे की ओढले जाते आहे, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. भिंतीच्या वरच्या भागात आडवी भेग गेलेली असेल, किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर कललेली दिसली, तर वासे ढकलू लागले आहेत असे समजावे आणि पावसाळ्यापूर्वी आढ्याला आधार द्यावा.