‘मी इच्छितो की…’ : एका शुभेच्छापत्राची दुरुस्ती

आमच्या हिंगोलीकडे वाढदिवसाचे पत्र लिहायला बसले की लेखणी आपोआप निमंत्रणपत्रिकेच्या भाषेत शिरते. आत्याच्या साठाव्या वाढदिवसाला घरच्यांसमोर वाचायचा मजकूर एका वर्गमित्राने माझ्याकडे आणला, तोही याच वळणाचा होता. त्याच्या परवानगीने तो येथे देतो.

“आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मी इच्छितो की आपणास दीर्घायुष्य लाभावे. मी इच्छितो की आपली प्रकृती उत्तम राहावी. मी इच्छितो की आपल्या आयुष्यात सुख यावे. मी इच्छितो की आपल्या सर्व मनोकामना पूर्ण व्हाव्यात. मी इच्छितो की आपल्या गुडघ्यांचे दुखणे थांबावे. मी इच्छितो की आपले प्रेम असेच राहावे.”

सहा इच्छा, आणि सहाही वाक्यांचा सांगाडा एकच : आरंभी ‘मी’, मध्ये ‘की’, शेवटी विध्यर्थी क्रियापद. तिसऱ्या वाक्यापाशी ऐकणाऱ्याला चौथे कसे येणार हे कळून चुकते आणि त्याचे लक्ष सुटते. शिवाय वाढदिवस आत्याचा असून प्रत्येक वाक्याचा कर्ता मात्र भाचा!

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो शब्द बदलण्याचा. एकदा ‘इच्छा’, मग ‘कामना’, मग ‘मनीषा’. मित्राने तसे करूनही पाहिले होते. परंतु ठेका तसाच राहिला, फक्त शब्दकोश उघडल्याचा वास आला. दोष शब्दात नसून वाक्याच्या बांधणीत होता.

मागण्यांची माळ ओवूनही कंटाळा येऊ न देणारा नमुना आपणा सर्वांना पाठ आहे : ज्ञानेश्वरीच्या अखेरचे, शके १२१२चे पसायदान. नऊ ओव्या, आणि बहुतेक सारे मागणेच. मात्र मागणारा स्वतःचा उल्लेख आरंभी एकदा करतो आणि पुढे थेट शेवटी नावाने येतो. मधल्या ओव्यांत कर्ते बदलत जातात. कधी दुर्जन, कधी विश्व, कधी प्राणिमात्र. आधी लहान लहान मागण्या झपाट्याने येतात, मग संतांचे लांब वर्णन येते आणि क्रियापदासाठी थांबावे लागते. ‘मी मागतो’ हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण मराठीत क्रियापदाचे रूपच ते काम करते : लाभो, राहो, येवोत. म्हणजे ‘मी इच्छितो की सुख लाभावे’ यातले पहिले तीन शब्द मुळात अनावश्यकच.

मित्राला मी विचारले, “या सहांपैकी दुसऱ्या कोणाच्या आत्याला चालणार नाही अशी इच्छा कोणती?” तो म्हणाला, “गुडघ्यांची.” उरलेल्या पाचांवर आम्ही रेघ मारली. मग गुडघे का दुखतात, याविषयी तो बराच वेळ बोलला. पत्रात यायला हवे ते सारे त्या बोलण्यात होते. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. घरी तो आत्याला ‘तू’ म्हणतो. ‘आपण’ फक्त कागदावर उगवले होते.

दुरुस्त मजकूर असा झाला :

“आत्या, आज तुला साठ वर्षे पूर्ण झाली. अकरावीला मी तुझ्याकडे राहायला आलो, तेव्हापासून पहाटे चारला स्वयंपाकघरातला दिवा लागतो आणि सहाच्या आत माझा डबा भरलेला असतो. उभे राहून गुडघे दुखतात हे तू कधी बोलली नाहीस; जिना चढताना कठडा धरतेस, त्यावरून मला कळले. ते दुखणे थांबो. नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जायचे तुझे दोन वर्षे राहून गेले आहे. यंदा ते घडो, आणि वाटेत पिशवी माझ्या हातात असू दे. पहाटेचा चहा उद्यापासून मी करीन. खूप जग, आत्या.”

इच्छा आता चार उरल्या, पण त्यांपैकी दोनच ‘ओ’कारान्त आहेत. तिसरी ‘असू दे’ म्हणून येते, चौथी सरळ आज्ञार्थात. ‘ओ’ची रूपे लागोपाठ पाच-सहा आली असती तर मजकूर मंगलाष्टकांसारखा वाटला असता. डब्याच्या लांब वाक्यांनंतर ‘ते दुखणे थांबो’ हे तीनच शब्दांचे वाक्य मुद्दाम ठेवले. वाचताना तेथे श्वास आपोआप थांबतो. ही परीक्षा मोठ्याने वाचल्यावाचून होत नाही. डोळे पुनरुक्ती सहज गिळतात, जीभ मात्र अडखळते. चहाच्या वाक्यात तर इच्छाच नाही, ते वचन आहे. आता तो चहा प्रत्यक्ष होतो की नाही, हे आत्यालाच ठाऊक!

‘दीर्घायुष्य लाभो’ शेवटी घालावे असा मित्राचा आग्रह होता. दोन्ही शेवट आम्ही आळीपाळीने वाचून पाहिले. ‘दीर्घायुष्य’ म्हणताना त्याचा आवाज सभेतल्यासारखा होई. ‘खूप जग, आत्या’ म्हणताना तो दोनदा थांबला. तेच ठेवले.