कोरडे बावन्न, ओले बावीस

माझा भाचा शिकायला म्हणून आमच्याकडे राहतो आणि जूनपासून जिमला जातो. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. दिवसभरात पोटात किती प्रोटीन गेलं, ते रोज रात्री त्यात लिहून काढायचं. एका संध्याकाळी त्याने सोया वड्या उकळल्या, पिळल्या, काट्यावर बरोबर १०० ग्रॅम भरतील एवढ्या वेगळ्या काढल्या आणि वहीत लिहिलं : ५२.

‘‘अरे, या शंभरात निम्म्याहून जास्त पाणीच असेल.’’

‘‘मावशी, चांगल्या पिळल्यात. आणि हे बघ, पाकिटावरच लिहिलंय, दर शंभर ग्रॅमला बावन्न.’’

पाकीट खोटं बोलत नव्हतं. पण ते ज्या शंभर ग्रॅमबद्दल बोलत होतं, ते हे नव्हेत. पाकिटावरचा आकडा पाकिटातल्या मालाचा असतो, म्हणजे हलवल्यावर खडखडणाऱ्या कोरड्या वड्यांचा. आपण त्या तशा कधीच खात नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा आम्ही काटा मांडूनच बसलो. कोरड्या वड्या घेतल्या ५० ग्रॅम. पाकिटाच्या हिशोबाने त्यांत २६ ग्रॅम प्रोटीन. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून चाळणीत निथळल्या, तर भरल्या १७१ ग्रॅम. मग गार पाण्याखाली धरून मी मूठ-मूठ करून पिळल्या : ११८. भाच्याला माझं पिळणं पटलं नाही. त्याने त्याच वड्या पुन्हा दोन्ही तळव्यांत दाबल्या, आणखी पाणी काढलं आणि काटा १०४ वर आणला.

आता भागाकार करून बघा. निथळलेल्या वड्यांत शंभर ग्रॅममागे १५ ग्रॅम प्रोटीन, माझ्या हातच्या वड्यांत २२, त्याच्या हातच्या वड्यांत २५. वड्या त्याच, प्रोटीन तेच २६, बदललं ते फक्त पाणी. म्हणून ‘शिजवलेल्या सोया वड्यांत प्रोटीन किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ते पिळणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून आहे. कुठे १५ छापलेलं दिसतं, कुठे २५, आणि दोन्ही खरे असू शकतात.

मग त्या उकळीच्या पिवळट, फेसाळ पाण्यातून काहीच जात नाही का? जातं. पिळलेल्या वड्या मी मंद ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवल्या, तेव्हा ५० चे ४२ ग्रॅम उरले. या आठ ग्रॅमपैकी चारेक ग्रॅम तर कोरड्या दिसणाऱ्या वडीत मुळातच असलेला ओलावा. बाकीच्यात मुख्यतः विरघळणारी साखर आणि क्षार. पोटात वायू धरायला लावणाऱ्या सोयाबीनमधल्या शर्कराही त्यातच, त्यामुळे ते पाणी टाकून देण्यात नुकसान फारसं नाही. प्रोटीन मात्र वडी बनतानाच्या उष्णतेने इतकं घट्ट झालेलं असतं की पाण्याबरोबर अगदी थोडंच निघून जातं. ‘पिळल्यावर सगळं प्रोटीन मोरीत जातं’ असं सांगणारेही भेटतात. तेही चूक.

ही वडी बनते कशी हे पाहिलं की आकड्याचा खेळ उलट बाजूनेही दिसतो. आपल्या लातूर-वाशीमकडे पिकतं त्या सोयाबीनच्या दाण्यात प्रोटीन साधारण ३८ टक्के आणि तेल २० टक्क्यांच्या आसपास. दाणे चेपून त्यांचे पापुद्रे करतात आणि हेक्झेन या द्रावकाने तेल काढून घेतात. शंभर किलोतून वीस किलो तेल गेलं की उरलेल्या ऐंशी किलोत प्रोटीन तेच ३८ किलो असतं, पण टक्केवारी मात्र ४७ च्या वर चढते. टरफल काढलेलं असेल तर पन्नाशीही गाठते. द्रावक उडवून त्या पेंडीचं पीठ करतात. ते पाण्याबरोबर मळून, तापवून, प्रचंड दाबाखाली यंत्राच्या छिद्रातून बाहेर ढकलतात. बाहेर येताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि तुकडा फुगून जाळीदार होतो. पुढे वाळवून तो पाकिटात जातो. हीच जाळी घरी आपलं पाणी पिते. म्हणजे तेल गेलं तेव्हा टक्का वाढला आणि पाणी आलं तेव्हा घटला.

खुद्द त्या ५२ मध्येही एक गोम आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही रीत बसवली. नमुना गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजायचा आणि येणाऱ्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. यामागे गृहीत हे की प्रोटीनमध्ये सोळा टक्के नायट्रोजन असतो. सोयाबीनच्या प्रोटीनमध्ये तो त्याहून थोडा जास्त असतो, म्हणून त्याचा स्वतःचा गुणक ५.७१ काढलेला आहे. व्यवहारात मात्र सोयाच्या मालाला ६.२५ च रूढ आहे. ५.७१ ने गुणलं तर ५२ चे साडेसत्तेचाळीस होतात. यात लबाडी नाही, मोजणीचा संकेत आहे. पण वहीत दशांशापर्यंत हिशोब मांडणाऱ्याने तो ठाऊक ठेवावा.

सगळ्यात जास्त फसवतो तो तुलनेचा तक्ता. सोया वड्या ५२, पनीर १८, अंडं १३, असा. यातलं पनीर आणि अंडं आपल्या पाण्यासकट मोजलेलं असतं, वडी तेवढी कोरडी. हा न्याय तुरीच्या डाळीला लावला तर? कोरड्या डाळीत शंभर ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून कोणी वाटीभर वरणाला बावीस गुण देत नाही. पन्नास ग्रॅम डाळीचं पाव किलो वरण होतं आणि शंभर ग्रॅम वरणात जेमतेम साडेचार ग्रॅम येतात. पिळलेली वडी पनीरच्या शेजारी ठेवली, तर २२ ला १८ अशी बरोबरीच्या आसपासची लढत होते. वडीत स्निग्धांश जवळजवळ नाही आणि ती स्वस्त आहे, हे तिचं खरं बळ. ५२ हे नव्हे.

वाटीच्या मापावरही जाऊ नये. माझ्या आमटीच्या वाटीत मोठ्या कोरड्या वड्या ३३ ग्रॅम मावतात आणि सोयाचा बारीक चुरा ६० ग्रॅम. ‘एक वाटी सोया’ म्हणणाऱ्या पाककृतीत प्रोटीन जवळपास दुप्पट-निमपट होऊ शकतं.

राहिला प्रश्न घरच्या भाजीचा. पिळलेली वडी रश्शात पडली की पुन्हा रस पिते, त्यामुळे ताटातल्या फोडी निवडून त्यांचं वजन करण्यात काहीच अर्थ नाही. वजन एकदाच करायचं, भिजवण्याआधी. त्या रविवारी चौघांसाठी नव्याने १०० ग्रॅम कोरड्या वड्या घेतल्या, म्हणजे ५२ ग्रॅम प्रोटीन. कांदा-खोबऱ्याचं वाटण, टोमॅटो आणि रस्सा धरून भाजी भरली ८४० ग्रॅम. भाच्याने २१० ग्रॅम वाढून घेतली, म्हणजे चौथा हिस्सा, म्हणजे १३ ग्रॅम. भांडं नीट ढवळून वाढलं होतं, हे महत्त्वाचं. नाहीतर फोडी एकाच्या ताटात आणि रस्सा दुसऱ्याच्या.

त्याने वहीत १३ लिहिलं. मग मागची पानं उलटत बसला, जूनपर्यंत. बऱ्याच ठिकाणी ५२ वर काट मारून शेजारी २५ लिहिलं. २२ नाही. ‘‘पिळल्या मी होत्या ना,’’ म्हणाला.